रेंज नव्हती, असं सांगण्याआधी

नागपूरकरांना एक सवलत जन्मजात मिळालेली आहे. गाडी काढली की दोन-चार तासांत कुठलं ना कुठलं जंगल लागतं आणि जंगल लागलं की रेंज जाते. पेंच, ताडोबा, नागझिरा, मेळघाट, ज्याला जे सोयीचं पडेल ते. एवढी सोय असताना लोक 'अर्जंट मीटिंग होती' यासारखी केविलवाणी कारणं देतात, हे पाहवत नाही. रेंज नव्हती असंच सांगा. फक्त ते सांगायची एक पद्धत असते.

पहिली गोष्ट, तुम्ही काय सांगता याला काही किंमत नाही. तुमच्या आधी ती कंपनीची बाई सांगून मोकळी झालेली असते. फोन नीट बटन दाबून बंद केला, की बंद होता होता तो टॉवरला 'मी निघालो' असं कळवतो. मग फोन करणाऱ्याला लगेच ऐकू येतं की हा नंबर बंद आहे. पण तुम्ही खरोखर घाटात शिरलात आणि रेंज गेली, तर फोनला निरोप द्यायला वेळच मिळत नाही. यंत्रणेच्या हिशोबी तुम्ही अजून परतवाड्यातच असता. ती तिथल्या टॉवरवरून तुम्हाला हाका मारते, उत्तर येत नाही, आणि मग बाई सांगते की संपर्क होऊ शकत नाही, ग्राहक कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे. शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात, भेद तोच.

आता हुशार लोक काय करतात? फ्लाइट मोड लावतात. फ्लाइट मोडमध्ये फोन सहसा टॉवरचा रीतसर निरोप घेतो, म्हणजे पलीकडे 'बंद आहे' असंच ऐकू जातं. तुम्ही मात्र परत येऊन रेंजच्या नावानं गळा काढता. हे कोणाला कळणार, असं वाटत असेल तर तुमचे सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या ओळखीच्या एका जावईबापूंचं असंच झालं होतं. मेहुणीचं साक्षगंध रविवारी, महालातल्या सभागृहात. इतवारीच्या सराफाकडून शनिवारी संध्याकाळी अंगठी आणायचं काम यांच्याकडे. हे शनिवारी पहाटेच मित्रांसोबत चिखलदऱ्याला. परतवाड्याला चहाचा फोटो स्टेटसला टाकला, वेळ १०.५५. ११ वाजता फ्लाइट मोड. ११.०५ ला मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा फोन, आणि बाई म्हणाली, बंद आहे.

सोमवारी विचारणा झाली. 'घाटात रेंजच नव्हती, मामाजी.'

'रेंज नव्हती तं चहाच्या फोटोनंतर दहा मिनिटात बंद कसा सांगत होता जी?' मामाजी शांतपणे म्हणाले. 'जंगलात गेलेला फोन सुरुवातीले बंद सांगत नाही.'

इथे जावईबापूंकडे एक खराखुरा बचाव होता, पण त्यांना तो ठाऊक नव्हता. फोन ठरावीक वेळाने आपण जिवंत आहोत असं टॉवरला कळवत असतो. बराच वेळ, कुठे तासाभर तर कुठे काही तास, असं काही कळलं नाही की यंत्रणा त्याला गेलेला समजते आणि तीसुद्धा बंद असल्याचंच सांगायला लागते. म्हणजे सेमाडोहच्या आत दिवसभर प्रामाणिकपणे अडकलेला माणूसही संध्याकाळी 'बंद' ठरतो. खरं बोलणाऱ्याची अशी पंचाईत होते, तेव्हा तो मार्ग शक्यतो टाळावा. पण दहा मिनिटांत बंद, याला हा बचावही लागू पडत नाही.

व्हॉट्सॲपच्या खुणांनी तर त्यांना आणखीच बुडवलं. फोन बंद असला की एकच टिक राहील, हा त्यांचा हिशोब. पण घरी लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं राहिलं होतं. जोडलेल्या लॅपटॉपवर निरोप पोचला तरी दोन टिक उमटतात, फोन दरीत असो की खिशात. मामाजींच्या 'अंगठी घेतली काय?' या प्रश्नाला शनिवारी दुपारी दोन टिका. सासूबाईंनी त्यावरून निष्कर्ष काढला की माणूस फोन पाहतो आहे आणि बोलत नाही. तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा होता. सासूबाईंना तांत्रिक बाजू समजावायला मामाजीही गेले नाहीत.

आणि शेवटचा घाव. रविवारी सकाळी फ्लाइट मोड काढला. काही कंपन्या, आधी फोन करून दमलेल्याला, 'तुम्ही फोन केलेला नंबर आता उपलब्ध आहे' असा एसएमएस पाठवतात. मामाजींना तो ७.१० ला आला. जावईबापूंचा फोन आला ९.४० ला, 'आत्ताच रेंज आली' म्हणत. अंगठी तोवर मेव्हण्याने आणली होती.

तेव्हा जागा निवडताना डोकं लावा. चिखलदरा गावात टॉवर आहेत, आणि डिजिटल गाव म्हणून गाजलेलं हरिसालही मेळघाटातच येतं. दोन दिवस सलग रेंज नव्हती हे मेळघाटाच्या नावावर सरसकट खपत नाही. घाट आणि आतलं जंगल, एवढंच मागा. ताडोबाचं कारण जास्त भारदस्त, कारण सफारीला जाताना मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. पण सफारी चार-एक तासांची असते, त्यात शनिवार-रविवार बसत नाही. शिवाय मंगळवारी ताडोबा बंद असतं आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रही. मंगळवारी वाघ बघून आलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. वाघाचं वर्णन फार छान करतात.

(निघण्याआधी 'उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही' असा एक निरोप टाकून जाता येतं, असं काही जण म्हणतात. तो या लेखाचा विषय नाही.)

एवढं ऐकून 'त्यापेक्षा फोन हरवला म्हणतो' असं मनात आलं असेल, तर खर्चाची तयारी ठेवा. हरवलेल्या फोनमागे कागद येतात. पोलिसांत तक्रार, मग त्याच नंबरचं दुसरं सिम, मग संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर आणि तक्रारीची प्रत देऊन तो फोन देशभर ब्लॉक करणं. यातलं काहीच केलं नाही म्हणालात, तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे: 'मंग बँकेचं काय केलं?' खोटी तक्रार मात्र खरोखर नोंदवू नका, तो गुन्हा आहे आणि त्यात रेंजचा बचाव चालत नाही.

नवीन सिमचंही एक पथ्य आहे. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, त्यामुळे ओटीपीही येत नाही. 'दुपारी सिम घेतलं आणि लगेच मामाजींना अंगठीचे पैसे पाठवले' असं सांगितलंत तर संपलं. उलट, पैसे द्यायचेच नसतील तर या २४ तासांइतकं सज्जड आणि खरं कारण दुसरं मिळणार नाही.

आणि हरवलेल्या फोनच्या जागी नवा घेतलात, तर जुनं कव्हर त्याला चढवू नका. सासूबाई कव्हर ओळखतात.