अर्ज भरलात ना? मग गटाराचा उतार सांगा

नगरपरिषदेचा अर्ज भरायला हलगी, फेटे, शंभर मोटारसायकली आणि शेवटी जीपच्या टपावरून भाषण. अख्खं भाषण ऐकलं आणि डोकं फिरलं. एका प्रभागातून उभा राहिलेला माणूस इतका वेळ बोलतो आणि त्यात एकाही गल्लीचं नाव येत नाही! पाणी देऊ, रस्ते करू, गटारं करू, प्रभागाचा कायापालट करू. अहो, कुठला रस्ता? कुठून कुठपर्यंत? पैसा कुठल्या निधीतला? आधी काय, नंतर काय? हे विचारायचं सोडून समोरचे टाळ्या वाजवतात, याचा संताप जास्त येतो.

या मोघम बोलण्याची किंमत आमची गल्ली दर पावसाळ्यात मोजते. मागच्या वेळीही 'रस्ता आणि गटार करू' असंच सांगितलं होतं, आणि दोन्ही केलं. जुना रस्ता न खरवडता त्याच्यावरच काँक्रीट ओतलं, त्यामुळे रस्ता उंबऱ्यांच्या वर गेला. मग कडेनं गटार बांधलं, पण ते नाल्याला जोडलंच नाही, कोपऱ्यावर नुसतं संपवलं. त्यानंतर पाण्याची नवी लाईन मंजूर झाली आणि तेच काँक्रीट मधोमध फोडलं. आता पाऊस पडला की गटार उलटं भरतं आणि सांडपाणी थेट घरात शिरतं. कागदावर मात्र तिन्ही कामं पूर्ण, बिलं निघाली. दिलेला शब्द पाळला म्हणून तो माणूस छाती पुढे काढून फिरतो, आणि त्याला खोटं पाडताही येत नाही, कारण त्यानं नेमकं काही सांगितलंच नव्हतं.

नेमकं सांगायचं म्हणजे कसं, ते ऐका. समजा, गल्लीच्या तोंडापासून नाल्यापर्यंत अंतर 180 मीटर आहे. गटाराला 200 ला 1 असा उतार धरला तर नाल्याकडच्या टोकाला गटाराचा तळ 90 सेंटीमीटर खाली जायला हवा. नाल्यातलं पाणी त्याहून खाली राहतं का? राहत नसेल तर गटार कितीही चांगलं बांधा, पाणी तुंबणारच. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन दोन माणसं एका सकाळी हे मोजू शकतात. शहराचा कारभार हाती मागणाऱ्याला अर्ज भरण्याआधी एवढं जमत नाही? आणि मोजल्यावर उतार मिळत नाही असं दिसलं, तर तेही टपावरून सांगा. दुसऱ्या गल्लीतून गटार काढावं लागेल, खर्च वाढेल, असं तोंडावर सांगणाऱ्याला मी मत देईन.

मग क्रम सांगा. आधी पाण्याची लाईन आणि घराघरांचे नळजोड, मग गटार, सगळ्यात शेवटी रस्ता, तोही जुना थर काढून, उंबऱ्याच्या खाली राहील असा. रस्ता आधी दिसतो आणि त्यावर नारळ फोडता येतो म्हणून तो आधी करायचा, हा प्रकार बंद करा.

नगरसेवक स्वतः चेक फाडत नाही, हे आम्हालाही कळतं. अंदाजपत्रक बांधकाम विभाग करतो, तांत्रिक मान्यता लागते, सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. म्हणूनच 'निवडून द्या, लगेच करतो' म्हणू नका. पहिल्या सभेत कुठला विषय मांडणार, 1 एप्रिलपासून लागू होणाऱ्या अर्थसंकल्पात कुठल्या कामासाठी तरतूद मागणार, आणि ती नाही मिळाली तर कुठलं काम मागे पडेल, एवढं बोला. त्यावर आम्ही तुम्हाला धरू शकतो. कायापालटावर कोण कुणाला धरणार?

काम सुरू झाल्यावर तुम्ही कुठे असणार, तेही सांगा. आमच्या काँक्रीटवर पहिले काही दिवस पाणीच मारलं नव्हतं. साधं काँक्रीटसुद्धा किमान आठवडाभर ओलं ठेवावं लागतं. आमच्याकडे वर्ष व्हायच्या आत भेगा पडल्या, वरचा थर पिठासारखा सुटायला लागला. कंत्राटात दोषदायित्वाचा कालावधी असतो, त्या मुदतीत ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायची असते. आमच्याकडे ती मुदत कुणी पत्र न देता निघून गेली.

भाषण संपल्यावर मी उमेदवाराला गाठून विचारलं, "दादा, आमच्या गल्लीतलं गटार नाल्याला कुठे जोडणार?" तो म्हणाला, "काका, ते इंजिनिअर बघतील, तुम्ही फक्त आशीर्वाद द्या." नाही देणार. आधी नळी घेऊन या आणि माझ्यासमोर उतार मोजा.