युट्यूब ‘ओपन’ आहे म्हणे, मग व्हिडिओ का लागत नाही?

शाळेत व्हिडिओ लागला नाही की आपण एका वाक्यात निकाल लावतो: नेट स्लो आहे. माझं मत असं, की निम्म्याहून जास्त वेळा नेट बिचारं निर्दोष असतं. व्हिडिओ अडवलेला असतो, आणि ज्यांनी अडवला त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे प्रिंटर अडकला, प्रोजेक्टर निळा पडला, कुणाचा पासवर्ड हरवला की हाक मलाच. त्यामुळे हे लिहायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आधी स्लो आणि ब्लॉक यातला फरक. नेट खरंच मंद असेल तर व्हिडिओ सुरू होतो, चित्र धुरकट होतं, मध्येच थांबतो, परत चालतो. रखडत का होईना, पुढे सरकतो. ब्लॉक असेल तर तो सुरूच होत नाही. घड्याळ 0:00 वर बसलेलं, खालची करडी पट्टी तसूभर पुढे जात नाही, मधोमध चक्र फिरतंय. वर्गातून आवाज येतो, “टीचर, घुंवताच मगो!” आणि टीचर राउटर बंद करून चालू करायला सांगतात. त्याने काही होत नाही, कारण राउटरचा काही दोषच नसतो. एका प्रोजेक्टरवर 720p चा व्हिडिओ दाखवायला साधारण अडीच एमबीपीएस पुरतात. एवढं तर आमच्याकडे भर पावसातही मिळतं.

आमच्याकडे झालं ते असं. विज्ञानाच्या टीचरना नववीला ध्वनीच्या पाठाचा एक व्हिडिओ दाखवायचा होता. व्हिडिओसाठी युट्यूब खुलं करा असा अर्ज शाळेने आधीच दिलेला होता आणि नेट सांभाळणाऱ्या एजन्सीने ‘केलं’ म्हणून कळवलंही होतं. पान उघडलं. व्हिडिओचं नाव दिसलं, छोटं चित्र दिसलं, बाजूची यादीही आली. फक्त व्हिडिओ लागेना. तोच व्हिडिओ टीचरच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर त्याच लॅपटॉपवर लगेच लागला. इथेच अर्धं निदान झालं: लॅपटॉप ठीक, ब्राउझर ठीक, व्हिडिओ ठीक. घोळ शाळेच्या नेटवर्कमध्ये.

उरलेल्या अर्ध्यासाठी क्रोममध्ये F12 दाबायचं, Network हा टॅब उघडायचा आणि पान रिफ्रेश करायचं. पान काय काय मागवतंय त्याची यादी ओळीओळीने खाली उतरते. आमच्या यादीत `www.youtube.com` च्या ओळी बिनतक्रार होत्या. `i.ytimg.com` म्हणजे छोट्या चित्रांचं ठिकाण, तेही ठीक. आणि मग लाल अक्षरांत एकामागून एक अडकलेल्या ओळी, सगळ्यांचा पत्ता `googlevideo.com` ने संपणारा, पुढे `(failed)`.

मेख इथे आहे. युट्यूबचं पान एका पत्त्यावरून येतं आणि प्रत्यक्ष व्हिडिओ दुसऱ्याच. एजन्सीने `youtube.com` ला परवानगी दिली होती. `googlevideo.com` मात्र त्यांच्या फिल्टरमध्ये ‘स्ट्रीमिंग मीडिया’ या गटात पडलेलं होतं आणि तो अख्खा गट शाळांसाठी बंद. जत्रेतल्या नाटकासारखं झालं: पडदा वर गेला, दिवे लागले, ऑर्गन वाजला, आणि नटांची गाडी गावाच्या वेशीवरच अडवलेली.

आणि हे कुणाला कळत का नाही, तेही सांगतो. तुम्ही एखादी बंद साइट थेट उघडायला गेलात तर फिल्टर बहुधा आपलं पान दाखवतो, ‘ही साइट बंद आहे’ म्हणून. पण पानाच्या पोटात चाललेली मागणी अडवली तर ती पाटी दाखवायला जागाच नसते. प्लेअरला फक्त उत्तर मिळत नाही, म्हणून तो चक्र फिरवत बसतो. एजन्सीचा माणूस आपल्या टेबलावरून पान उघडून बघतो, पान उघडतं, तो ‘सॉल्व्ह्ड’ लिहून मोकळा होतो. प्लेचं बटण त्याने दाबलेलंच नसतं. माझी खरी तक्रार आहे ती हीच.

लाल ओळीवरच्या चुकीचं नाव नीट वाचलं तर अडवणारा कुठे बसलाय तेही कळतं. `ERR_NAME_NOT_RESOLVED` दिसलं तर बहुधा डीएनएसचा फिल्टर, म्हणजे पत्ता विचारायलाच मनाई. `ERR_CONNECTION_TIMED_OUT` असेल तर फायरवॉल मागणी गिळून गप्प बसतंय. `ERR_CONNECTION_RESET` म्हणजे फिल्टरने साइटचं नाव बघून मध्येच लाइन तोडलेली असू शकते. आमच्याकडे तिसरं होतं. अर्जात ते नाव जसंच्या तसं लिहिलं, सोबत स्क्रीनशॉट जोडला, आणि मागणी एका ओळीत: `*.googlevideo.com` खुलं करा. त्या पुढच्या तारकेला महत्त्व आहे. व्हिडिओ देणाऱ्या सर्व्हरचं नाव दर वेळी वेगळं असतं, `rr4---sn-` असलं काहीतरी लांबलचक, त्यामुळे एकच नाव खुलं केलं तर आज चालेल आणि उद्या नाही. आयपी पत्ते खुले करून तर मुळीच भागत नाही, ते बदलत राहतात.

काम झालं. नववीचा ध्वनी ऐकू आला.

मग दहावीच्या टीचर आल्या. पुनरुत्पादनाचा पाठ. बाकी व्हिडिओ लागतायत, हाच नाही. या वेळी चक्र नव्हतं, सरळ संदेश होता की हा व्हिडिओ उपलब्ध नाही. बाकी व्हिडिओंखालच्या कॉमेंटही गायब होत्या, आणि ती मोठी खूण आहे: युट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे प्रौढांसाठीचा मजकूर झाकणारी सोय, चालू. टीचरनी आपल्या खात्यात तो लावलेला नव्हता, तो लावला होता नेटवर्कने. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एवढं टाइप करा:

```
nslookup www.youtube.com
```

उत्तरात `restrict.youtube.com` हे नाव आलं तर कडक मोड. `restrictmoderate.youtube.com` आलं तर मध्यम. यातलं काहीच न आलं तर बहुधा डीएनएसमधून तरी लावलेला नाही. टाइप करायचा कंटाळा असेल तर ब्राउझरमध्ये `youtube.com/check_content_restrictions` उघडा, नेटवर्कने किंवा खात्याने बंधन घातलंय का ते युट्यूब स्वतःच सांगतं.

कडक मोडमध्ये प्रौढांसाठीच्या मजकुराबरोबर शरीराबद्दलचं बरंच शैक्षणिकही झाकलं जातं. छाननी मुख्यतः यंत्रच करतं, शीर्षक, वर्णन वगैरे बघून. त्याला दहावीचं पुस्तक माहीत नाही. म्हणजे बोर्डाने अभ्यासक्रमात घातलेला पाठ आणि शाळेच्या नेटवर मनाई, असा प्रकार. मध्यम मोडही संरक्षण देतो, पण जाळी जरा मोठी असते. हायस्कूलला कडक आणि प्राथमिकला कडक, सगळ्यांना एकच माप, हे मला पटत नाही.

पोर्टबद्दल, म्हणजे माहिती ज्या क्रमांकाच्या दारांतून ये-जा करते त्यांच्याबद्दल थोडं, कारण त्यावरून गैरसमज फार. क्रोम युट्यूबसाठी क्विक नावाची पद्धत वापरतो, ती यूडीपी 443 वरून, म्हणजे यूडीपी या पाठवणीच्या रीतीने 443 क्रमांकाच्या दारातून जाते. पुष्कळ फिल्टरना तिच्या आत डोकावता येत नाही, म्हणून शाळांत ती बंद ठेवतात. त्यात मोठं बिघडत नाही. ब्राउझर गुपचूप जुन्या टीसीपी 443 वर येतो आणि व्हिडिओ चालतो. त्रास होतो तो अर्धवट बंदीने: काही पाकिटं जातात, काही गळतात, आणि व्हिडिओ सुरू होऊन मधेच गचके खातो. संशय आला तर `chrome://flags` मध्ये Experimental QUIC protocol हे Disabled करून बघा. गचके थांबले तर एजन्सीला सांगा, यूडीपी 443 पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद करा, मधलं काही नको. थेट तासांचं मात्र वेगळं. गूगल मीटसारख्यांना आवाज आणि चित्रासाठी यूडीपी 3478 लागतो. तो बंद असला तर मीट टीसीपीवर निभावून नेतं, पण आवाज तुटतो.

टॅब्लेटवर अजून एक गंमत होते. फिल्टर जर एन्क्रिप्टेड मजकूर उघडून तपासणारा असेल तर प्रत्येक यंत्रात त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, घालावं लागतं. ते नसेल तर ब्राउझर `NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID` म्हणून ओरडतो. घातलं की क्रोम गप्प होतो. पण अँड्रॉइड 7 पासून बहुतेक ॲप असं हाताने घातलेलं सर्टिफिकेट मानत नाहीत. त्यामुळे त्याच टॅब्लेटवर क्रोममध्ये व्हिडिओ चालतो आणि युट्यूबच्या ॲपमध्ये चालत नाही. अशा वेळी ॲप काढून परत घालण्यात तास फुकट घालवू नका, ब्राउझरमध्ये लावा.

कुणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, टीचरनी हॉटस्पॉट लावावा आणि मोकळं व्हावं. लावतातच की. पण डेटा त्यांच्या खिशातला, आणि सत्तरी तालुक्याच्या आतल्या बाजूच्या शाळांत जिथे फोनला धड रेंज नाही तिथे तोही मार्ग नाही. शिवाय हॉटस्पॉटवर शाळेचा फिल्टर नसतो. म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठी लावलेला फिल्टर इतका आडमुठा, की त्याच्यामुळे वर्गात रोज बिनफिल्टरचं नेट येतंय. फिल्टर नकोच असं म्हणणारा मी नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं कॉम्प्युटर रूममध्ये काय शोधतात ते मी मागच्या बाकावरून बघतो. फिल्टर हवाच. पण लावणाऱ्याने शाळेच्याच नेटवर, शाळेच्याच लॅपटॉपवर, प्ले दाबून किमान दोन मिनिटं व्हिडिओ चालवून दाखवल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नये. आणि शाळेने त्याशिवाय सही देऊ नये.

दहावीच्या पाठासाठी कडकचा मध्यम करा हा आमचा अर्ज अजून वरच अडकलाय. कारण विचारलं तर उत्तर आलं, “सर, युट्यूब तर ओपन आहे ना तुमच्याकडे.”