थ्रॅश म्हणजे पळवलेलं हेवी मेटल नव्हे, बाबांनो

आज सकाळी लोकलमध्ये एक रील समोर आलं आणि दादरपर्यंत डोकं तापलेलंच राहिलं. गिटार शिकवणारे एक सद्गृहस्थ, मागच्या भिंतीवर चार गिटारी टांगलेल्या, आणि सांगतायत काय, तर "आयर्न मेडनचं कुठलंही गाणं दीडपट वेगात वाजवा, झालं तुमचं थ्रॅश!" वर वाजवूनही दाखवलं. तारा सगळ्या मोकळ्या, हात वरखाली हलतोय, चेहऱ्यावर समाधान. खाली हजारो लाइक्स.

अहो, वेग आधीपासून होताच की! डीप पर्पलचं 'हायवे स्टार' 1972 चं. जुडास प्रीस्टचं 'एक्सायटर' 1978 चं. 1979 मध्ये मोटरहेडच्या 'ओव्हरकिल'वर फिल टेलरने दोन्ही पायांनी बेस ड्रम असा बडवलाय की आजही छातीत धडधडतं. यांतल्या एकालाही आपण थ्रॅश म्हणत नाही. मग काहीतरी दुसरं बदललं असणार ना? ते बदललं उजव्या हातात.

आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये मी बेस वाजवायचो. ठाण्यात एका मित्राच्या बिल्डिंगच्या तळघरात, डास मारत मारत प्रॅक्टिस. आमचा गिटारवाला खरोखर चांगला होता. मेडनची गाणी तो झोपेत वाजवायचा, सोलोसकट. फेस्टिव्हलसाठी आम्ही मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स' घ्यायचं ठरवलं. पहिलं कडवं दणक्यात गेलं. दुसऱ्यात त्याच्या हाताचा पार दगड झाला.

कारण साधं आहे. त्या गाण्याचा वेग मिनिटाला साधारण 210 ठोके आहे. एका ठोक्यात दोन स्ट्रोक धरले तर मिनिटाला चारशेवर, म्हणजे सेकंदाला सात. आणि हे सातच्या सात स्ट्रोक मेटॅलिकाचा गायक-गिटारवाला जेम्स हेटफिल्ड वरून खालीच मारतो. वरखाली करून निम्मी मेहनत वाचवणं त्याला सहज जमलं असतं, पण तो ते करत नाही. शिवाय तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारीच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांवर ठेवलेली असते, त्यामुळे जाडी तार वाजते पण घुमत नाही. यालाच पाम म्यूट म्हणतात. तबला ऐकणाऱ्यांना सांगायचं तर खुल्या बोलाऐवजी बंद बोल.

आमच्या गिटारवाल्याने हात वाचवायला नकळत वरखाली सुरू केलं. सूर तेच, वेगही तोच. ड्रमर मजेत वाजवत होता, त्याला काही कळलंच नाही. मला मात्र शेजारी उभं राहून लगेच कळलं की गाण्यातली हवा गेली. खालून वर येणारा स्ट्रोक तारेला दुसऱ्या बाजूने आणि हलका लागतो. त्यामुळे एक स्ट्रोक जड, एक हलका असं झुलायला लागतं. आणि थ्रॅशचा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, झुलला की संपला.

रीलवाल्या गुरुजींनी नेमकं हेच केलं होतं. म्हणून चिडलो.

जुन्या हेवी मेटलमध्ये रिफ म्हणजे मुख्यतः कॉर्ड. कॉर्ड वाजते, घुमते, त्यावर गायक लांब तान घेतो. मेडनची ती घोडदौड जाडी तार धरून असली तरी तिच्यावर दोन गिटारी सुरेल गात असतात. थ्रॅशने हे उलटं केलं. दाबलेली जाडी तार हाच रिफचा देह झाला आणि मोकळ्या कॉर्ड मधूनमधून, विरामचिन्हांसारख्या येऊ लागल्या. 1983 च्या 'किल 'एम ऑल'वरचं 'व्हिपलॅश' ऐका. गिटार तिथे ड्रमचं काम करतेय. या सगळ्यात दोन स्ट्रोकच्या मधली शांतता स्ट्रोकइतकीच महत्त्वाची असते. तळहात ब्रिजपासून जरा पुढे सरकला तर सूरच मरतो, नुसती टकटक उरते. मागे गेला तर तार घुमते आणि सगळा चिखल. गेन, म्हणजे अँपवरची खरखर, वाढवून वेळ मारून न्यायला गेलात तर त्या मधल्या फटी खरखरीने भरून जातात. तळघरात आम्ही हे तिन्ही गुन्हे केले. अँपचा गेन शेवटपर्यंत फिरवणं हा तर आमच्याकडे सर्वमान्य उपाय होता.

हो, हो, माहितीय. ब्लॅक सबाथचं 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स' 1975 चं आहे आणि त्यात टोनी आयोमीने दाबलेल्या जाड्या तारेवरच रिफ उभा केलाय. मान्य. पण त्याच्यासाठी तो अधूनमधून वापरायचा प्रकार होता. आयोमीने कारखान्यातल्या अपघातात बोटांची टोकं गमावली होती, त्यामुळे तो तारा सैल करून खालच्या सुरात लावायचा. सैल तारेचा आवाज जड आणि पसरट. मेटॅलिकाने सुरुवातीच्या अल्बममध्ये तारा नेहमीच्या ताणाला ठेवल्या. ताठ तार पटकन उसळी मारून जागेवर येते, म्हणून तो तुटक, कोरडा ठोका मिळतो.

आणि पंक? तेही मान्य, नाइलाजाने. डिस्चार्जसारख्या इंग्लिश पंक बँडशिवाय हे ड्रमिंग झालंच नसतं. सरळसोट हेवी मेटलमध्ये स्नेअर ड्रमचा फटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. थ्रॅशमध्ये तो प्रत्येक दोन ठोक्यांच्या मधे पडतो, म्हणजे दुप्पट वेळा. बँडचा वेग न वाढवताही ऐकणाऱ्याला वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो. गुरुजी, हे तुमच्या "दीडपट"मध्ये कुठे बसवायचं?

गंमत म्हणजे हे सगळं करणारी पोरं जुन्या मेटलची भक्तच होती. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक 1981 मध्ये अमेरिकेतून थेट इंग्लंडला गेला तो डायमंड हेड या हेवी मेटल बँडला ऐकायला, आणि त्यांच्याच घरी मुक्काम ठोकून राहिला. पुढे मेटॅलिकाने त्यांचं 'अ‍ॅम आय ईव्हिल?' वाजवलं, 1984 मध्ये. दोन्ही पाठोपाठ ऐका. सूर तेच, पण मेटॅलिकाच्या हातात त्याला कडक इस्त्री झालीये. बंड वगैरे कोणी पुकारलं नव्हतं. हाताची सवय बदलत गेली आणि एक दिवस ते वेगळंच संगीत झालेलं होतं.

आता राग जरा उतरलाय. तळघरातला तो प्रसंग आठवला की आमच्या गिटारवाल्याची दयाच येते. गाणं संपल्यावर तो मनगट धरून पायरीवर बसला आणि म्हणाला, "हा माणूस हे गातागाता कसं वाजवतो रे?" खरा प्रश्न होता. हेटफिल्ड हे वाजवतो आणि त्याच वेळी वेगळ्याच लयीत ओरडत असतो. 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बमवरच्या सगळ्या ऱ्हिदम गिटारीही त्याच्याच. तोच रिफ पुन्हा पुन्हा एकमेकांवर रेकॉर्ड केलेला, आणि स्ट्रोक एवढे एकावर एक बसतात की शिवण दिसत नाही. आमच्या गड्याने पुढचे काही महिने रोज मेट्रोनोम लावून नुसती जाडी तार मारली. मनगट सैल, कोपर स्थिर, वेग थोडा थोडा वाढवत. त्याची आई वैतागली होती.

स्लेयरवाले मित्र आता कमेंटमध्ये येणार, त्यांना आधीच सांगून ठेवतो. स्लेयरचे गिटारवाले हॅनेमन आणि किंग सर्रास वरखालीच मारायचे, त्यांचा 'रेन इन ब्लड' अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो, आणि तरी तो थ्रॅशच आहे. बरोबर आहे तुमचं. पण त्यांचाही तळहात तारांवरून उठायचा नाही, आणि मागे ड्रमवर डेव्ह लोम्बार्डो बसलेला. वाद घालायचा असेल तर रविवारी या घरी, अँप आहे, चहा मी करतो. मोकळ्या तारांवर 'व्हिपलॅश' वाजवणाऱ्याला मात्र चहा नाही.