रिप्लाय किती वाजता आला ते सोडा, आल्यावर काय झालं ते बघा

"पहिले दोन आठवडे फक्त चॅट बघा, समोरच्याची अटॅचमेंट स्टाईल कळून जाते. रिप्लाय उशिरा देतो तो अव्हॉइडंट. एकावर एक मेसेज टाकते ती अँक्शियस. हे लहानपणीच ठरतं, नंतर बदलत नाही. आणि असे दोघं एकत्र आले की नातं टिकतच नाही, म्हणून वेळेत पळा."

हा फॉरवर्ड मला या महिन्यात चार जणांनी पाठवला, शेवटचा माझ्या मावसबहिणीने, रात्री साडेअकराला, आणि खाली लिहिलं "ताई, हा तोच आहे ना गं, अव्हॉइडंट?" मी समुपदेशनाचं काम करते म्हणून घरातले सगळे असे फॉरवर्ड माझ्याकडेच तपासायला येतात. अटॅचमेंट स्टाईल म्हणजे जवळच्या माणसाशी जोडून घ्यायची आपली सवय, अव्हॉइडंट म्हणजे जवळीक टाळणारा, अँक्शियस म्हणजे सोडून जाईल म्हणून धास्तावणारा. तिला उत्तर देता देता लांबलं, तेच इथे टाकते. तिला विचारून टाकून राहिली आहे, पोट्टी म्हणाली नाव नको टाकू बस.

आधी तिची गोष्ट. नागपूरला धरमपेठेत घरी कांदेपोहे झाले, दोन्हीकडच्यांना बरं वाटलं, नंबर दिले-घेतले आणि मोठ्यांनी सांगितलं की तीन आठवडे बोला, मग हो-नाही सांगा. पोट्टा बुटीबोरीला कंपनीत, शिफ्टची नोकरी. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पाच वाजल्यापासून गप्पा, रिप्लाय दोन मिनिटांत. दुसऱ्या आठवड्यात हिने नऊ-चाळीसला मेसेज टाकायचा आणि त्याचं उत्तर पावणेबाराला. सोमवारी तसंच, मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. गुरुवारी हिने फॉरवर्ड वाचला आणि निकाल लागला.

आता उशिराबद्दल. ही सगळी विद्या जिथून आली तिथे घड्याळाला एवढा मान नव्हताच. मेरी एन्सवर्थ बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं, त्याचं पुस्तक १९७८ ला आलं. वीसेक मिनिटांचा प्रकार, अनोळखी खोली, खेळणी, एक अनोळखी बाई, आणि आई दोनदा बाहेर जाते, पहिल्यांदा साधारण तीन मिनिटं, दुसऱ्यांदा सहाएक मिनिटं, बाळ फारच रडलं तर आधीच परत येते. ऐकणाऱ्याला वाटतं की बाळ किती रडलं ते मोजलं असेल. पण मुख्य भर होता आई परत आल्यावर बाळ काय करतं यावर. एखादं बाळ रडरड रडलं तरी आई आली की कुशीत शिरतं, थोड्या वेळात शांत होतं आणि परत खेळायला जातं, ते सिक्युअर. एखादं आईकडे बघतच नाही, खेळण्यातच तोंड घालून बसतं, ते अव्हॉइडंट. आणि एखादं आईला चिकटतंही आणि हातपायही झाडतं, उचलून घेतलं तरी शांत होत नाही, त्याला आपण सोप्या भाषेत अँक्शियस म्हणतो. गंमत म्हणजे त्या न बघणाऱ्या बाळांच्या छातीचे ठोके नंतर मोजले तेव्हा तेही वाढलेलेच निघाले. वरून थंड, आतून नाही.

म्हणून चॅटमध्येही मधल्या गॅपच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे बघावं लागते, नुसता गॅप बघून काही हाती लागत नाही.

मी तिला म्हटलं, पावणेबाराला तो काय लिहितो ते दाखव. तर, "आत्ता घरी पोचलो. काकूंच्या शुगरचा रिपोर्ट आला का? आणि तू त्या मॅनेजरला सांगितलं का मग?" म्हणजे नऊ-चाळीसला तुटलेला धागा त्याने तिथूनच उचलला, दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून. हा परत आलेला माणूस आहे बाप्पा, पळालेला नाही. आणि दुपारी तीन ते रात्री अकराची बी शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने मानेवाड्याला यायला पाऊण तास लागतो, पावणेबाराचा हिशोब तिथेच लागतो. रोज त्याच वेळेला होणारा उशीर बहुतेक वेळा रोस्टरचा असतो, मनाचा नसतो.

मग अव्हॉइडंट माणूस चॅटमध्ये दिसतो कसा? मागच्या वर्षी हिलाच आलेल्या दुसऱ्या एका स्थळाचं सांगते, कारण ते मीच तेव्हा ओळखलं नव्हतं. तो रिप्लाय द्यायला एकदम फास्ट, मीम, रील, क्रिकेट, सगळं. दहा दिवसांत दोघं तुम्हीवरून तूवर आले. मग एका रविवारी फुटाळा तलावावर भेटले, दोन तास बसले, त्याने स्वतःहून सांगितलं की बाबा गेले तेव्हा मी पुण्यात होतो, पोचलोच नाही वेळेवर. ही घरी आली ती हवेत. सोमवारी हिने लिहिलं, "काल तू बोललास ते डोक्यातून जात नाहीये, बरं आहे ना?" उत्तर लगेच आलं, अर्ध्या मिनिटात. "हाहा अरे काही नाही ते. तुम्ही ऑफिसला पोचलात का?"

तुम्ही. पोचलात.

उशीर शून्य, आणि तरी तो माणूस दहा पावलं मागे गेला होता. त्यानंतर चार दिवस नुसते रील. पुन्हा काही जवळचं बोलणं झालं की पुन्हा तेच, एकदा आईचा विषय निघाला तेव्हा, एकदा लग्नानंतर कुठे राहायचं यावर. असं तीनदा झालं. जवळीक झाली की मागोमाग मागे सरकणं, आणि विचारलं की हसण्यावारी नेणं, हा जो क्रम आहे ना तो बघायचा असतो. एकदा झालं तर काहीच नाही, कोणीही लाजतो. आणि पहिल्या आठवड्यांत तर अशा माणसाचं चॅटिंग उलट छान चालते, कारण फोनवर अंतर आपोआप असतंच, त्याला ते बनवावं लागत नाही. म्हणून वेगावरून ओळखायला गेलं की नेमका हाच सुटतो आणि बुटीबोरीवाला गरीब पकडला जातो.

(ब्लू टिकवाल्यांसाठी एक सांगून टाकते. ते सेटिंग बंद केलं की वाचलं तरी टिक करड्याच दिसतात. आणि ऑनलाईन दिसणं म्हणजे तुमचं चॅट उघडून बसणं नव्हे, तो ऑफिसच्या ग्रुपवर सुपरवायझरला "ओके सर" लिहून राहिला असेल.)

एकावर एक मेसेजचं आता. आमच्याकडे काकू लोक एक वाक्य पाच मेसेजमध्ये लिहितात, त्या काही अँक्शियस नाहीत, त्यांना एंटर दाबायची सवय आहे. इथेही तेच बघायचं, उत्तर आल्यावर जीव भांड्यात पडतो का? पडला तर आधी दहा मेसेज टाकले असले तरी मी फार मनावर घेणार नाही, नवीन माणूस, तीन आठवड्यांची मुदत, घरचे रोज विचारतात, धाकधूक कोणाला होणार नाही. पण माझ्या बहिणीचं चॅट मी वर सरकवत गेली तर काय दिसलं? पावणेबाराला त्याचा तो चांगला मेसेज आला, आणि हिचं उत्तर, "आली आठवण?" त्याने सॉरी लिहिलं, हिने "नाही नाही ठीक आहे" लिहिलं. मग दोन मेसेज टाकून डिलीट केले, म्हणजे त्याला डिलीट झाल्याचं तर दिसणारच. दुसऱ्या दिवशी दुपारी शिफ्टला निघण्याआधी त्याने फोटो पाठवला तर हिने मुद्दाम अडीच तास उघडला नाही, घड्याळ लावून, तोंडाने सांगितलं मला तिने. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला त्या दिवशी हीच अव्हॉइडंट वाटली असती! आतून मात्र सगळा जीव त्या फोनमध्ये. याला प्रोटेस्ट बिहेवियर म्हणतात, साध्या मराठीत रुसून बोलावणं. बाळ चिकटतं आणि हात झटकतं तसंच. आणि मेसेज मोजून हे कळलं नसतं, त्या दिवशी तिचे मेसेज होते फक्त दोन.

दोन आठवड्यांत कळण्याबद्दल मला थोडंच म्हणायचं आहे. मोठ्या माणसांची अटॅचमेंट मोजायला १९९८ पासून जी प्रश्नावली जास्त वापरली जाते तिच्यात ३६ वाक्यं आहेत, प्रत्येकाला १ ते ७ मध्ये मार्क द्यायचे, आणि त्यातून निघतात दोन आकडे, सोडून जाईल याची भीती किती आणि जवळ येण्याची अडचण किती. प्रत्येकात दोन्ही कमी-जास्त असतं. शिक्का मारून डब्यात टाकायची सोय नाही, आणि ती वाक्यं माणसाने स्वतःबद्दल भरायची असतात, दुसऱ्याच्या चॅटवरून आपण भरायची नसतात. शिवाय सिंडी हेझन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलंय की दोन मोठ्या माणसांत पूर्ण अटॅचमेंट तयार व्हायला साधारण दोन वर्षं लागतात. तिसऱ्या आठवड्यात जे दिसतं ती बरीचशी अनिश्चितता असते, आणि त्यात ज्याची जी जुनी सवय ती थोडी डोकं वर काढते. डोकं वर काढते एवढंच म्हणते मी, त्यावरून पत्रिका मांडता येत नाही.

लहानपणीच ठरतं हे तर अर्धवटच आहे, बाळपणीच्या स्टाईलचा मोठेपणीशी संबंध सापडतो पण कच्चा, मधे शाळा, मित्र, आधीची नाती, आजारपणं, सगळं येऊन जातं. आणि टिकण्याचं म्हणाल तर १९९४ चा एक अभ्यास आहे, कर्कपॅट्रिक आणि डेव्हिस यांचा, त्यात अँक्शियस बाई आणि अव्हॉइडंट पुरुष अशा जोड्या तीन वर्षांनीही बऱ्यापैकी टिकलेल्या निघाल्या, फक्त ते नातं चांगलं चाललंय असं त्या म्हणत नव्हत्या. म्हणजे फॉरवर्डने घाबरवलं तुटण्याचं, खरी भीती कुढत टिकण्याची आहे. मागच्या वर्षीच्या त्या स्थळाला आम्ही नाही म्हटलं ते बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं, पण स्टाईलसाठी नाही, हिने तीनदा सरळ विचारलं आणि तिन्ही वेळा त्याने हसून उडवलं यासाठी.

मग मी हिला म्हटलं, तू बुटीबोरीवाल्याला सरळ विचारलंस का एकदा तरी? नाही. काहून? "तो म्हणेल किती मागे लागते." मी म्हटलं टोमणा न मारता, दिवसा, एकच मेसेज टाक. तिने शुक्रवारी सकाळी दहाला टाकला, मी बाजूलाच होती: "रात्री उत्तर नाही आलं की मला वाटतं तुला बोलायचंच नाही. शिफ्टमध्ये फोन जवळ असतो का?" वीस मिनिटांनी उत्तर. "नाही गं, लॉकरमध्ये जमा करावा लागतो, सांगायचंच राहिलं. थांब." आणि महिन्याच्या रोस्टरचा फोटो, त्याच्या रांगेवर पिवळा मार्कर मारलेला. पुढचा आठवडा सी शिफ्ट, रात्री अकरा ते सकाळी सात.

तिने तो फोटो सेव्ह केला. शनिवारी सकाळी मला फोन, आवाज पडलेला. म्हणे ताई, रोस्टर समोर होतं, तो कुठे आहे माहीत होतं, फोन लॉकरमध्ये आहे हेही माहीत होतं, तरी काल साडेदहापासून पोटात गोळा आला तो आलाच. मी म्हटलं हा गोळा त्याचा नाही, तुझा आहे, त्याच्यावर आपण वेगळं बोलू. आणि पावणेबाराला त्याचा मेसेज आल्यावर काय लिहिलंस? "'जेवलास का' लिहिलं," म्हणे, "आधी दुसरं टाईप केलं होतं, पण खोडलं."