पायताणाचा इसार आणि मुलीचा हिस्सा

प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचला. चालीरीतीला शरियतमध्ये जागा आहे म्हणता, मग हदीसमध्ये 'जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस' असं स्पष्ट असताना लोकांची चाल त्याच्या वर कशी? आमच्या चिकोडी भागात मुलींना शेतात हिस्सा देत नाहीत. तीही चालच. तीही मान्य करायची का? हा सोयीचा धर्म झाला."

सलाम, भाई. रागावलो नाही. प्रश्न रास्त आहे आणि लेखात मी तो नीट सोडवला नव्हता, ही चूक माझी.

आधी शब्दाचं सांगतो. मराठीत आपण नावापुढे 'उर्फ' लावतो, तोच हा अरबी शब्द: लोक ज्या नावानं ओळखतात ते. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, उर्फ म्हणजे लोकांत सर्रास रुळलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली वहिवाट.

आता अथणीला जाऊ. लग्नासाठी तुम्ही तिथल्या कारागिराकडून पायताण करून घेताय. पायाचं माप दिलं, १,२०० रुपये ठरले, ३०० इसार दिला, पंधरा दिवसांनी या म्हणाला. या घडीला पायताण कुठंच नाही. तुम्ही सांगितलेली हदीस जशीच्या तशी लावली तर हा सौदा बसत नाही, हे हनफी मजहबाचे, म्हणजे त्या कायदेपरंपरेचे, फकीह अर्थात कायदेपंडितही मान्य करतात. तरीही त्यांनी तो वैध धरला. त्याला इस्तिस्ना म्हणतात, आणि त्यांच्या ग्रंथांत चामड्याची पादत्राणं हेच त्याचं नेहमीचं उदाहरण. कारण त्यांनी असं दिलं: लोक पूर्वापार असा व्यवहार करत आले आणि कुणी हरकत घेतली नाही.

घाट उतरून कोकणात गेलात की तिथले मुसलमान शाफई मजहबाचे. त्यांच्या मजहबात हा सौदा या रूपात चालत नाही. वस्तू पुढे मिळणार असेल तर तो 'सलम' व्हावा लागतो, म्हणजे पूर्ण रक्कम त्याच बैठकीत मोजून द्यायची. ३०० इसारानं भागत नाही. शाफई फकीह नववींनी तर चामडी मोज्यांचा सलमही नाकारला, कारण अनेक थरांची वस्तू वर्णनानं नेमकी बांधता येत नाही. मग साधा रस्ता उरतो: कारागिरानं आधी करावं, तुम्ही बघून घ्यावं.

हनफींनी चालीला मोकळं रान दिलं असंही नाही. जिथं चाल, तिथंच सूट. बाराव्या शतकातले हनफी फकीह कासानी यांनी कापड विणून घेण्याचा इस्तिस्ना नाकारला, कारण त्यांच्याकडे लोक तसं करत नसत. आज शहापूर-वडगावच्या मागावर कुणी साडी सांगून विणून घेतली तर त्याच मजहबाचा, त्याच नियमाचा निकाल उलटा येईल. बदलला तो व्यवहार.

पंधरा दिवसांनी पायताण मापाबरहुकूम तयार आहे, पण तुमचा विचार फिरला तर? हनफी मजहब ज्यांच्या नावानं चालतो त्या अबू हनीफांच्या मते पाहिल्यावर नाकारता येतं. त्यांचे शिष्य अबू युसूफ म्हणाले, ठरल्याप्रमाणे असेल तर नाही. एकोणिसाव्या शतकात उस्मानी सरकारनं दिवाणी कायदा (मजल्ला) बांधला तेव्हा कारखान्यांना जहाजं, तोफा सांगून करवून घेतल्या जात होत्या. खरेदीदार ऐनवेळी फिरला तर कारखानदार बुडायचा. म्हणून कलम ३९२ मध्ये अबू युसूफांचं मत घेतलं.

आता तुमच्या हदीसकडे. तिचा हुकूम व्यापक आहे. इस्तिस्नानं त्यातला एक तुकडा बाजूला काढला. बाकी हुकूम जागच्या जागी. शेजाऱ्याची म्हैस परस्पर विकून पैसे घेतलेत तर आजही ते चालणार नाही. मुलीच्या हिश्श्याचं तसं नाही. सूरह निसाच्या अकराव्या आयतीत वाटा नाव घेऊन सांगितलाय, मुलाच्या निम्मा. 'आमच्यात देत नाहीत' ही चाल त्यातलं काही वगळत नाही, तर सगळा हुकूमच पुसते. याला फकीह फासिद, म्हणजे बिघडलेला, उर्फ म्हणतात, आणि सगळा गाव पाळत असला तरी तो फासिदच.

मग ही गल्लत आली कुठून? माझ्या मते बरीचशी कोर्टातून. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं खोजा आणि मेमण या मुसलमान जमातींच्या खटल्यांत वारसाहक्काला त्यांची रूढी लागू केली, कुराणातल्या वाट्यांच्या विरोधात असूनही. ही इंग्रजी न्यायाची 'कस्टम', फिक्हमधला उर्फ नव्हे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडे होतं, त्यामुळे आपल्या आजोबांच्या कानावर तीच भाषा पडली. १९३७ च्या शरियत कायद्यानं विरोधी रूढी दूर सारली, पण शेतजमीन त्यातून वगळली. म्हणून तुमच्या चिकोडीत घर वाटताना बहिणीचं नाव निघतं आणि ऊस उभा असलेल्या रानाची गोष्ट आली की 'आपल्यात चाल नाही' सुरू होतं.