गावचं इंटरनेट आणि टीव्हीवर अडखळणारा गेम

«घरच्या कम्प्युटरवरून टीव्हीवर गेम खेळाचा असन तं 100 एमबीपीएसचं फायबर पायजेच. खेड्यात थे नाही, म्हणून लॅग येते. अन् बिटरेट फुल्ल करून 4केवर ठेवलं का चित्रबी साफ येते अन् लॅगबी जाते.»

असा समज असतो, पण तो चुकीचा आहे. पीसीवर चित्र पाठवणारं सनशाइन आणि टीव्हीवर ते दाखवणारं मूनलाइट ही ॲप टाकून गेम चालवला, की चित्र पीसीतून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे जातं. ते घराच्या बाहेर पडतच नाही. त्यामुळे महिन्याला किती एमबीपीएसचे पैसे भरता, याचा या प्रवासाशी संबंध येत नाही. खात्री करायची तर गावातलं नेट बंद पडेल त्या दिवशी राउटर चालू ठेवून खेळून पाहा. ॲप उतरवायला आणि गेम विकत घ्यायला नेट लागतं. स्टीमवरचे गेम असतील तर स्टीम आधीच ऑफलाइन मोडमध्ये सुरू होतं का, तेही बघून ठेवा. टीव्ही ‘इंटरनेट नाही’ असं दाखवत राहील, पण मूनलाइटला पीसी सापडतो आणि गेम चालतो.

मग अडखळतं कुठे? यवतमाळकडच्या एखाद्या जुन्या घराचं उदाहरण घेऊ. बैठकीत टीव्ही, ओसरीत राउटर, मागच्या खोलीत पीसी, मध्ये दीड फुटाच्या मातीच्या भिंती. राउटर स्वस्तातला, फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झचा. खोक्यावर 300 एमबीपीएस छापलेलं असतं, पण टीव्हीत एकच अँटेना असेल तर कागदावरचा वेग 72 वर येतो आणि प्रत्यक्षात हाती साधारण 40 लागतात. त्यात पीसीसुद्धा वायफायवर असेल, तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते: एकदा पीसीकडून राउटरकडे, मग राउटरकडून टीव्हीकडे. हवा दोघांची एकच, म्हणून 40 चे 20 उरतात. अशा घरात 20 एमबीपीएसचा स्ट्रीम लावला तर तो अगदी काठावर चालतो, आणि शेजारच्या खोलीत कुणी मोबाइलवर व्हिडिओ लावला की तुटतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे पीसी ते राउटर कॅट-6 केबल. पंधरा मीटर बहुतेक घरांना पुरते. निव्वळ तांब्याची घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको, आणि उंदरांपासून वाचवायला पीव्हीसी पाइपातून न्या. एवढ्यानं हवेतला अर्धा भार संपतो. टीव्हीपर्यंतही केबल नेता आली तर उत्तमच. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा 100 एमबीपीएसचंच असतं, पण या कामाला ते पुरतं.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण उभी राहते, ती अक्षरशः मध्ये उभी राहते: कुलर. लोखंडी पत्र्याचा, पाण्यानं भरलेला कुलर राउटर आणि टीव्हीच्या मध्ये आला की पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. मार्चपर्यंत नीट चाललेला स्ट्रीम एप्रिलमध्ये फाटायला लागला, तर सेटिंग्ज बदलण्याआधी कुलर कुठे ठेवलाय ते पाहा. राउटर छातीच्या उंचीवर, कुलरच्या रेषेतून बाजूला ठेवा. दोन बँडचा राउटर असेल तर टीव्ही एकाच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असताना 5 गिगाहर्ट्‌झ वापरा. मातीच्या दोन जाड भिंती मध्ये असतील तर तो बँड बराच अशक्त होतो.

आता बिटरेट, म्हणजे चित्रासाठी दर सेकंदाला किती बिट पाठवायचे तो आकडा. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी एक नवी फ्रेम. 20 एमबीपीएसवर एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी 333 किलोबिट येतात. हाती 40 एमबीपीएसची वाट असेल तर ती फ्रेम पोचायला सुमारे 8 मिलिसेकंद लागतात. बिटरेट 80 केला की तीच फ्रेम 1,333 किलोबिटची होते आणि तिला 33 मिलिसेकंद लागतात. पहिली वाटेतच असताना दुसरी मागे येऊन उभी राहते. रांग वाढते, पॅकेट गळतात, चित्राचे चौकोन पडतात आणि बटणाचा परिणाम उशिरा दिसतो. म्हणजे बिटरेट वाढवून लॅग जात नाही, तो वाढतो. खुद्द मूनलाइट अशा वेळी पडद्यावर `Slow connection to PC` आणि त्याखाली `Reduce your bitrate` असं लिहून सांगतं.

रिझोल्युशनचंही गणित याच बिटरेटशी बांधलेलं आहे. 4केमध्ये 1080पीच्या चौपट पिक्सेल असतात. तेवढेच बिट चौपट पिक्सेलांवर पसरले की स्थिर चित्र बरं दिसतं, पण गाडी वळली किंवा गवत हललं की सगळं पुसट होतं. मूनलाइट स्वतः 60 फ्रेमला 720पीसाठी 10, 1080पीसाठी 20 आणि 4केसाठी 80 एमबीपीएस धरतं. बिटरेट 10 च्या वर नेता येत नसेल तर 720पी ठेवा. चालत्या खेळात ते 1080पीपेक्षा स्वच्छ दिसेल.

आपली वाट किती रुंद आहे, हे अंदाजानं ठरवू नका. मोबाइल टीव्हीच्या अगदी जवळ धरा, टीव्ही ज्या बँडवर आहे त्याच बँडवर जोडा आणि टर्मक्स या कमांड चालवायच्या ॲपमध्ये `pkg install iperf3` करा. वेग मोजणारं हे iperf3 पीसीवरही उतरवून घ्या. पहिली ओळ पीसीवर, दुसरी मोबाइलवर. आयपी तुमच्या पीसीचा टाका, आणि विंडोज फायरवॉलनं विचारलं तर परवानगी द्या.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.10 -R -u -b 30M -t 30
```

शेवटी `Lost` खाली शून्य किंवा शून्याच्या जवळचा आकडा आला तर `-b` वाढवून पुन्हा चालवा. गळती सुरू होते तो आकडा पकडा आणि बिटरेट त्याच्या निम्म्यावर ठेवा. निम्म्यावर का? कारण 333 किलोबिट ही सरासरी आहे. दृश्य एकदम बदललं की एखादी फ्रेम त्याहून कितीतरी मोठी निघते, आणि तिला जागा लागते.

एवढं करूनही हात जड वाटत असेल, तर मूनलाइटच्या सेटिंगमधून खेळतानाची आकडेवारी पडद्यावर आणा. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम दिसत असतील तर वर सांगितलेलीच दुरुस्ती. डिकोडिंगचा, म्हणजे आलेलं चित्र उलगडण्याचा वेळ 16 मिलिसेकंदांच्या वर गेला असेल, तर टीव्हीची चिप दमते आहे. अशा वेळी रिझोल्युशन उतरवा, किंवा `HEVC` आणि `H.264` हे व्हिडिओ आवळण्याचे दोन प्रकार आलटून पालटून बघा, कारण जुन्या चिपला यातलं एकच नीट जमतं असं होतं.

दोन्ही आकडे चांगले आणि तरी उशीर, हा प्रकार सगळ्यात फसवा. ती टीव्हीची चित्र सजवण्याची प्रक्रिया असते आणि ती मूनलाइटच्या आकड्यांत दिसत नाही. तिच्यात सहज वीस-तीस मिलिसेकंद किंवा जास्तही जातात. गेम मोड लावा. मात्र अनेक टीव्हींत तो फक्त एचडीएमआयवर मिळतो, आतल्या ॲपला नाही. तसं असेल तर मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन हातानं बंद करा, किंवा मूनलाइट चालणारा वेगळा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स एचडीएमआयला लावा.

इंटरनेटचा वेग खरोखर मोजावा लागतो तो घराबाहेर पडल्यावर. शेतातून मोबाइल डेटावर घरच्या पीसीचा गेम खेळायचा तर घरच्या कनेक्शनचा अपलोड वेग बघा, डाउनलोड नव्हे. तो 10 एमबीपीएस असेल तर 720पी, 30 फ्रेम आणि 5 एमबीपीएस ठेवा. बऱ्याच कनेक्शनांवर बाहेरून थेट घरी पोचता येईल असा सार्वजनिक आयपी मिळत नाही, म्हणून पीसी आणि मोबाइल एकमेकांना जोडणारं टेलस्केल दोन्हीकडे टाकावं लागतं. आणि मोबाइल टॉवरचा विलंब सतत खालीवर होत असतो. तो कुठल्याही सेटिंगनं जात नाही, त्यामुळे तिथे बुद्धिबळासारखे पाळीपाळीचे खेळ चालतात, क्रिकेटमधला वेगवान चेंडू मात्र हुकतो.