एका माणसाच्या पाच सह्या

खातं उघडण्याचे फॉर्म तपासून आत पाठवणं हे माझं काम. काका फॉर्म देऊन समोर बसले, काकू शेजारच्या खुर्चीत. सह्या होत्या चार. पहिली मोकळ्या जागेत ऐसपैस. दुसरी फोटोवर, अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर, म्हणजे नियमानुसार. पुढे कुणी फोटो बदलला तर सही तुटते. फोटोतले काका मात्र काळ्याभोर केसांचे. केस आणि मिशा दगा देतात, म्हणून मी कान, नाक आणि डोळ्यांमधलं अंतर बघतो. माणूस तोच होता, फोटो फार जुना. नवा मागितला.

खरी पंचाईत नमुना सहीच्या चौकटीत होती. हीच सही स्कॅन होते आणि पुढे प्रत्येक चेक तिच्याशी ताडला जातो. चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून काकांनी ती श्वास रोखून, चित्र काढावं तशी काढली होती. वेगात केलेल्या सहीच्या रेघेची शेपटी निमुळती होत जाते. जपून काढलेल्या सहीची रेघ थरथरते आणि शेवटी बोथट थांबते. सह्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तर चालतं, तंतोतंत एकसारख्या असल्या तर उलट मलाच शंका येते. पण इथे चौकटीतली ही तिसरी सही बाकीच्या तिघींना ओळख दाखवत नव्हती.

"हात तोच आहे हो," काका म्हणाले.

मग नॉमिनी. नाव काकूंचं, नातं पत्नी, आणि जन्मतारीख? आजची! वर फॉर्मची तारीख लिहिली होती, हात त्याच लयीत खाली आला. वरवर किरकोळ, पण नॉमिनी अज्ञान असेल तर तिच्या वतीने रक्कम घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचं नाव सक्तीचं. तो रकाना अर्थात कोरा.

"काका, या हिशेबाने काकू आज सकाळी जन्मल्या. पालक म्हणून कुणाचं नाव घालू?"

काकूंनी फॉर्म ओढून घेतला. "माझी तारीख आजवर कधी लक्षात राहिलीय यांच्या?"

काकांनी खाडकन तारीख खोडली, काकूंनी सांगितली ती वर लिहिली. खाडाखोडीशेजारी पूर्ण सही लागते, नाहीतर तारीख कुणी बदलली ते कळत नाही. ती त्यांनी काकूंकडे बघत, रागारागात, झर्रकन ठोकली. मी वाकून पाहिलं. रेघ सलग, शेपटी निमुळती, पहिल्या ऐसपैस सहीची सख्खी बहीण.

"हीच! अगदी हीच नमुन्याच्या चौकटीत करा," म्हणत मी नवा फॉर्म पुढे सरकवला.

काकांनी चष्मा पुसला, पेन नीट धरलं, श्वास रोखला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता कशी केली होती मी?"